प्रवासाचे मेथी थेपले: दीड दिवसानंतरही मऊ राहतील असे

मुंबईहून हावडा मेलनं निघालो की रात्री गाडीत बसायचं, मधला अख्खा दिवस गाडीत काढायचा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. काही वर्षांपूर्वी या प्रवासासाठी मी स्टीलचा मोठा डबा भरून मेथीचे थेपले केले होते. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते. वरचे चार थेपले ओले, चिकट. मधले बरे होते. तळाचे मात्र दुमडले की कडेला चिरत होते. एकाच परातीतली कणीक, एकच तवा, एकच हात, आणि तरी एका डब्यात तीन प्रकारचे थेपले.

मी आमच्या मजल्यावरच्या बेनना हे सांगितलं. त्यांचं माहेर राजकोटचं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पिठाचा नाही, मसाल्याचाही नाही. "डब्यात भरले तेव्हा गरम होते ना?" होते. मग दुसरा प्रश्न: "आणि लोट पाण्यानं बांधला?" तोही पाण्यानंच मळला होता. त्यावर त्या म्हणाल्या, "मुसाफरीनां थेपलांमां पाणी नहीं." प्रवासाच्या थेपल्यात पाणी घालायचं नाही.

तेव्हापासून मी थेपल्याकडे पाण्याच्या हिशेबानंच बघते. थेपला मऊ राहतो तो आतल्या ओलाव्यामुळे, आणि खराब होतो तोही ओलाव्यामुळेच. म्हणून मेथी निवडण्यापासून डबा बंद करेपर्यंत प्रत्येक पायरीला एकच गोष्ट बघायची: पाणी कुठे आहे, किती आहे, आणि ते पिठात धरून ठेवलेलं आहे की मोकळं सुटलेलं आहे. मोकळं पाणी घात करतं. तेल, दही आणि गूळ यांच्या संगतीनं पिठात मुरलेलं पाणी थेपला मऊ ठेवतं.

आपल्याकडेही शिदोरीचं हे शहाणपण जुनंच आहे. दशम्या दुधात भिजवतात. सोलापूर-मराठवाड्याकडच्या धपाट्यांत मेथी आणि दही जातं. दशमीतलं दूध मात्र उन्हाळ्यात लवकर दगा देतं. दह्याच्या आंबटपणामुळे थेपला त्यामानानं जास्त तग धरतो.

किती करायचे आणि काय लागेल

चार माणसं आणि मधला एक पूर्ण दिवस असा हिशेब धरते. सकाळी एकेकाला तीन, दुपारी तीन, म्हणजे चोवीस थेपले. रात्रीचं जेवण गाडीत किंवा स्टेशनावर मिळेल ते. रात्रीसाठीही थेपलेच हवे असतील तर प्रमाण दीडपट करा.

चोवीस थेपल्यांना गव्हाचं पीठ 400 ग्रॅम आणि बेसन 60 ग्रॅम लागतं. गिरणीतून दळून आणलेलं पीठ असेल तर आधी चाळून जाडसर कोंडा काढून टाका. एरवी मी कोंडा काढत नाही, पण थेपला गार झाल्यावर कोंड्याच्या जाड कणांपाशीच पहिली चीर पडते. बेसनानं चव येते आणि थेपला खुसखुशीत होतो, पण त्याला चिवटपणा नसतो. प्रमाण वाढवलं तर थेपला दुमडताना तुटतो, म्हणून गव्हाच्या साधारण सातव्या हिश्श्याच्या वर बेसन जाऊ देऊ नका. घरी गरमागरम खायचे थेपले असतील तर मूठभर बाजरीचं पीठ खूप छान लागतं. प्रवासाच्या थेपल्यात मात्र मी बाजरी घालत नाही, कारण गार झाल्यावर तिनं थेपला भुसभुशीत होतो.

निवडलेली मेथीची पानं 100 ग्रॅम. साधारण एका मध्यम जुडीत तेवढी निघतात. घट्ट, ताजं दही 200 ग्रॅम, आणि जवळ आणखी दोन-तीन चमचे दही राखून ठेवा. कणकेत जाणारं तेल पाच मोठे चमचे. शिवाय भाजताना लागेल ते वेगळं. किसलेला गूळ दोन मोठे चमचे, तीळ दोन मोठे चमचे, मीठ दीड लहान चमचा, हळद एक लहान चमचा, तिखट दोन, धणे-जिरे पूड दोन, ओवा अर्धा, हिंग चिमूटभर. आलं-मिरचीचं वाटण घालायचं तर एकच लहान चमचा, आणि ते मेथीबरोबर तेलात परतून घ्यायचं. लसूण या थेपल्यात घालू नका. ताज्या लसणाचा वास दुसऱ्या दिवशी उग्र होतो आणि बंद डब्यात सगळ्या थेपल्यांना लागतो.

गूळ गोडीसाठी आहे तितकाच ओलाव्यासाठीही आहे. तो पाणी धरून ठेवतो. गोड चव नकोच असेल तर निदान एक चमचा तरी ठेवा. तिखट-मिठात तो जाणवत नाही, आणि थेपला मऊ राहतो.

मेथी आदल्या रात्री

घाईत केलेले थेपले टिकत नाहीत त्याचं मोठं कारण ओली मेथी. जुडी आणून, निवडून, धुऊन, तशीच चिरून परातीत टाकली की प्रत्येक पानाबरोबर थेंबभर पाणी कणकेत जातं. ते पिठात नीट मिसळत नाही, पानाला धरून राहतं. थेपला भाजताना पिठातला ओलावा कमी होतो, पण त्या पानाच्या तुकड्याभोवती एक ओला ठिपका राहून जातो. वास आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

म्हणून मेथीचं काम आदल्या रात्री उरकून टाका. फक्त पानं आणि अगदी कोवळे शेंडे घ्या. देठ कितीही कोवळे वाटले तरी बाजूला ठेवा, ते पिठल्यात किंवा डाळीत घाला. देठात पाणी जास्त असतं आणि लाटताना ते थेपल्याला भोक पाडतात. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पानं त्यात बुडवा, हलकेच हलवा आणि हातानं वर उचलून चाळणीत काढा. पातेलं चाळणीत ओतायचं नाही, नाहीतर तळाला बसलेली माती परत पानांवर येते. असं तीन पाण्यांतून काढा. मुंबईत बारीक पानांच्या लहान जुड्या मिळतात, ती समुद्र मेथी घेतली असेल तर पाच पाणी तरी लागतात, कारण तिच्यात रेती फार असते. चवीला ती नाजूक असते, पण थेपल्यासाठी मी मोठ्या पानांची साधी मेथीच घेते.

धुतलेली पानं सुती पंचावर एका थरात पसरा आणि पंख्याखाली रात्रभर ठेवा. सकाळी मूठभर पानं घट्ट दाबून सोडा. तळहात कोरडा राहिला तर काम झालं. ओलसर लागला तर आणखी तासभर थांबा. चिरायचं ते यानंतरच. धुण्याआधी चिरली तर पानांचा रस पाण्याबरोबर वाहून जातो आणि कापलेल्या कडांमधून पाणी आत शिरतं. चिरताना बारीक चिरा. मोठं पान लाट्यातून डोकावतं, तिथे थेपला फाटतो आणि वाफ बाहेर पडते.

आता एक जास्तीची पायरी. घरच्या घरी खायचे असतील तर ती सोडली तरी चालेल, पण दीड दिवसाच्या प्रवासासाठी मी ती कधीच टाळत नाही. पाचातलं दोन चमचे तेल कढईत तापवा, त्यात हिंग, आलं-मिरचीचं वाटण आणि चिरलेली मेथी घाला आणि मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं परता. मेथी बसून निम्मी झाली आणि कढईत पाणी दिसेनासं झालं की गॅस बंद करा. झाकण ठेवायचं नाही. ताटात पसरून पूर्ण गार करा. कच्च्या मेथीचा हिरवागार रंग यात थोडा जातो, कडवटपणाही जरा कमी होतो. रंगापेक्षा दुसऱ्या दिवशीचा वास मला महत्त्वाचा वाटतो.

कणीक मळताना

परातीत गव्हाचं पीठ, बेसन, मीठ आणि सगळे कोरडे मसाले एकत्र करा. उरलेलं तीन चमचे तेल घालून दोन्ही तळहातांनी पीठ चोळा. हे मोहन नीट लागलं की नाही ते बघायला मूठभर पीठ दाबा. मुटका झाला आणि बोटानं टोकरल्यावर सुटला की पुरे. हे चोळणं आधी का? तेल पिठाच्या कणांना लागलं की पुढे चिवटपणा फार चढत नाही, थेपला लुसलुशीत राहतो. आणि गार झाल्यावर भाजलेलं पीठ ताठ होत जातं, ते तेलामुळे बरंच हळू होतं.

तेलच का, तूप का नाही, असं मला अनेकींनी विचारलंय. तुपाची चव मलाही आवडते. पण तूप गार झालं की थिजतं, आणि त्याच्याबरोबर थेपलाही कडक लागतो. गाडीच्या थंड डब्यात तर लगेच. तेल पातळच राहतं. म्हणून कणकेतही तेल आणि तव्यावरही तेल. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं, तुमच्या घरचं जे असेल ते.

आता गार मेथी घालून मिसळा. गूळ दह्यात कालवून विरघळवून घ्या, नाहीतर त्याचे खडे तव्यावर जळून काळे डाग पडतात. हे दही थोडं थोडं घालत कणीक मळा. पाण्याचा हात लावायचा नाही. सुरुवातीला कोरडं वाटेल, पण घाई करू नका. मेथी आणि गूळ अजून ओलावा सोडत असतात. तीन-चार मिनिटं मळूनही पीठ एकत्र येत नसेल तर राखलेल्या दह्यातलं चमचा-चमचा घाला. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट आणि पुरीच्या कणकेपेक्षा सैल, अशी कणीक हवी. बोटानं दाबलं तर खळगा राहावा, बोटाला मात्र काही चिकटू नये.

दही ताजंच घ्या. आंबट दह्यानं घरी खायला मजा येते, पण डब्यात एका दिवसात आंबटपणा अजून वाढतो. दही पातळ असेल तर पंचात बांधून अर्धा तास टांगून ठेवा, मग मोजा.

कणीक झाकून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, त्याहून जास्त नाही. थेपल्याची कणीक पोळीच्या कणकेसारखी तासभर मुरवत ठेवायची नसते. मीठ मेथीतून पाणी ओढत राहतं, कणीक सैल पडते, हाताला चिकटायला लागते. मग आपण काय करतो? लाटताना भरपूर पिठी लावतो. ती पिठी न मळलेली, कोरडीच राहते, तव्यावर जळते आणि थेपल्याच्या पाठीवर एक रखरखीत थर बसतो. संध्याकाळपर्यंत तो थर थेपल्यातला ओलावा ओढून घेतो. कणीक सैल पडलीच तर पिठी वाढवण्यापेक्षा पाव वाटी पीठ आणि चमचाभर तेल परातीतच मिसळून पुन्हा मळा.

लाटणं आणि भाजणं

एकूण कणीक साधारण 850 ग्रॅम भरते. 35 ग्रॅमची, म्हणजे मोठ्या लिंबाएवढी लाटी केली की चोवीस होतात. पहिल्या दोन-तीन लाट्या वजन करून बघा, मग हाताला अंदाज येतो. पोळपाटाला आणि लाटण्याला तेलाचं बोट फिरवून लाटा. पिठी लागलीच तर चिमूटभर, आणि तव्यावर टाकण्याआधी ती झटकून टाका. सात इंचांचा, घरच्या पोळीएवढा पातळ थेपला लाटायचा. कडा मधल्या भागाइतक्याच पातळ हव्यात. जाड कड भाजायला वेळ घेते, तोवर मधला भाग कोरडा पडतो.

मेथीचा पराठा इथेच वेगळा पडतो. तो जाड लाटतात, बऱ्याचदा घडीचा असतो आणि आतून ओलसर राहतो. गरम खायला तो सरस, यात वाद नाही. पण आतला तो ओलावा प्रवासात धोक्याचा, त्यामुळे पराठे न्यायचेच असतील तर ते त्याच दिवशी दुपारपर्यंत संपवायचे.

तवा लोखंडी असेल तर उत्तम. तो चांगला तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत नाचत उडून गेला पाहिजे. तिथेच बसून उकळायला लागला तर तवा अजून तापायचा आहे. थेपला टाका, वीस सेकंदांत वर बारीक फुगे दिसतील. उलटा, अर्धा लहान चमचा तेल कडेनं आणि मधे सोडा, उलथन्यानं हलकं दाबत फिरवा. पुन्हा वीस-पंचवीस सेकंदांनी उलटा, या बाजूला थेंबभर तेल, पुन्हा थोडं दाबा आणि काढा. सगळं मिळून मिनिटभर, फार तर सव्वा मिनिट. वर फिकट तपकिरी ठिपके हवेत, सगळीकडे गडद रंग नको.

थेपले कडक होण्याचं दुसरं मोठं कारण मंद आच. जळू नये या काळजीनं गॅस बारीक ठेवला की थेपल्याला रंग यायला तीन मिनिटं लागतात, आणि त्या तीन मिनिटांत आतलं पाणी निघून जातं. तव्यावरून काढताना तो मऊच वाटतो, कारण गरम असतो. दोन तासांनी हातात घेतला की पापडासारखा. म्हणून आच मध्यमपेक्षा थोडी जास्तच ठेवा आणि जळायला लागला तर तवा क्षणभर उचला. पोळीसारखा विस्तवावर फुगवू नका. तो फुगतो, फाटतो, आणि आतली वाफ सगळी बाहेर जाते.

दोन-तीन थेपले झाले की पहिला थेपला एव्हाना कोमट झालेला असतो. तो बोटाभोवती गुंडाळा. कुठेही न चिरता गुंडाळला गेला तर तसेच पुढे करत राहा. कडेला चिरला तर आच वाढवा किंवा लाटताना कडा पातळ करा. मधोमध चिरला तर कणीक घट्ट झाली आहे, तिला चमचाभर दही लावून परत मळा. ही पारख सुरुवातीलाच केली की उरलेले वीस वाचतात.

तव्यानंतरचा तास

माझे थेपले बिघडले ते तव्यावर नाही, तव्यावरून उतरल्यावर. गरम थेपल्यातून वाफ निघत असते. तो लगेच डब्यात बंद केला तर ती वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि वरच्या थेपल्यांवर टपकते. उघड्यावर एकेकटा पसरून ठेवला तर वाफेबरोबर हवा तो ओलावाही उडून जातो. या दोन्हींच्या मधली वाट धरायची.

मी हे असं करते. चाळणी किंवा जाळीच्या स्टँडवर कोरडा सुती कपडा पसरते. तव्यावरून काढलेला थेपला आधी त्या कपड्याच्या एका कडेला एकटा ठेवते, पुढचा भाजून होईपर्यंत. त्या मिनिटभरात जोराची वाफ निघून जाते. मग तो शेजारच्या चळतीवर ठेवते आणि कपड्याचं दुसरं टोक वरून ओढून घेते. अशी चळत वाढत जाते. सहा-सात झाले की अख्खी चळत उलटी करते, म्हणजे तळाला साठलेली वाफ वर येते आणि कपडा ती शोषून घेतो. वर्तमानपत्र यासाठी वापरू नका, त्याची शाई थेपल्याला लागते.

शेवटचा थेपला झाल्यावरही चळत कपड्यात गुंडाळून पाऊण ते एक तास राहू द्या. वरचा थेपला गार लागला म्हणून फसू नका. चळत मधोमध उघडून तिथे हाताची पाठ लावून बघा. सगळ्यात शेवटी गार होतो तो मधला भाग. तो जराही कोमट असेल तर डबा भरायची वेळ अजून झालेली नाही. रात्री नऊची गाडी असेल तर मी दुपारी साडेतीनला तवा ठेवते. दीड तास भाजण्यात जातो, तासभर गार व्हायला, आणि सामान बांधताना धावपळ होत नाही.

डबा भरताना

चोवीस थेपल्यांची एक गठडी करू नका. सहा-सहाच्या चार पुड्या करा. प्रत्येक पुडी आधी बटर पेपरमध्ये, मग पातळ सुती रुमालात गुंडाळा. ॲल्युमिनियम फॉइल वापरायचं असेल तर ते सगळ्यात बाहेरून, थेपल्याला थेट लावून नाही. उरलीसुरली वाफ फॉइलच्या आत थेंब होऊन बसते, कागद आणि कापड ती पिऊन टाकतात. अशा पुड्या कोरड्या डब्यात ठेवून झाकण लावा. एका वेळी दोन पुड्या उघडायच्या, बाकीच्यांना हवा लागत नाही आणि ओले हातही लागत नाहीत. गाडीत हात धुऊन तसेच ओल्या हातानं थेपला उचलणं हे टिकण्याच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट. आधी हात पुसा.

डबा खिडकीच्या उन्हात नको, आणि चहाच्या थर्मासला चिकटूनही नको. सोबत न्यायचं ते कोरडं किंवा साखर-तेलात मुरलेलं असावं: छुंदा, गोड लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची कोरडी चटणी. हे सगळं वेगळ्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत. बटाट्याची सुकी भाजी नेली तर ती पहिल्या जेवणातच संपवा. थेपल्यात भाजी भरून गुंडाळून ठेवायचा मोह होतो, विशेषतः मुलांसाठी. तसं करू नका, भाजीचा ओलावा तासाभरात थेपल्यात उतरतो.

किती दिवस, आणि खराब झाला हे कसं ओळखायचं

वरच्या पद्धतीचे थेपले मुंबईच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात दीड-दोन दिवस आणि हिवाळ्यात तीन दिवस मी निर्धास्तपणे खाते. आठ-दहा दिवस टिकतात असं सांगणारेही भेटतात, पण ओली मेथी आणि दही असलेल्या थेपल्याबद्दल मी तसं म्हणणार नाही. पावसाळ्यात तर दुसऱ्या दिवसाच्या रात्रीपर्यंत संपवून टाकते.

खाण्याआधी एक तुकडा तोडा. तोडताना चिकट तार सुटली, पानांभोवती थेपला बुळबुळीत झाला, किंवा कुबट वास आला तर तो टाकून द्यायचा. पांढरा-हिरवा ठिपका दिसला तर तेवढाच भाग काढून बाकीचा खाऊ नका, आणि त्याला चिकटलेले वरचे-खालचेही टाका. दह्याचा हलका आंबट वास मात्र चालतो, तो ताज्या थेपल्यालाही असतो.

त्याहून लांबचा प्रवास असेल तर ताजी मेथी आणि दही दोन्ही सोडा. कसुरी मेथी चार चमचे हातावर चुरून घ्या, कणकेतलं तेल आणखी दोन चमचे वाढवा आणि उकळून कोमट केलेल्या पाण्यानं घट्ट मळा. लाटा थोडे पातळ, आणि तव्यावर थोडे जास्त ठेवा. हे चार-पाच दिवस जातात, पण पहिल्यासारखे मऊ नसतात. पाणी कमी केलं की टिकणं वाढतं आणि मऊपणा घटतो, त्याला उपाय नाही. त्याच वाटेनं अगदी शेवटपर्यंत गेलं, पातळ लाटून, मंद आचेवर कपड्यानं दाबत सगळं पाणी काढून टाकलं, की खाखरा होतो. तो कित्येक आठवडे टिकतो आणि मोडताना कुरकुरतो.

घरी उरलेले थेपले फ्रीजमध्ये ठेवणं बरेच जण करतात आणि मग ते ताठ झाले म्हणून तक्रार करतात. भाजलेलं पीठ फ्रीजच्या थंडीत सगळ्यात लवकर ताठ होतं, बाहेर ठेवल्यापेक्षाही लवकर. ठेवायचेच तर मधे बटर पेपर घालून हवाबंद पिशवीत फ्रीझरला ठेवा. महिनाभर चांगले राहतात, आणि काढले की थेट गरम तव्यावर टाकता येतात.

ताठ झालेला थेपला दोन प्रकारचा असतो. तापल्या तव्यावर झाकण ठेवून वीस सेकंद ठेवल्यावर पुन्हा मऊ झाला, तर त्यात पाणी अजून आहे, फक्त गार होऊन तो ताठ झाला होता. असे थेपले तसेच गरम करून खा. गरम करूनही वाकला नाही तर त्यातलं पाणी तव्यावरच गेलं होतं. त्याला आणखी तेल सोडून मऊ करायच्या भानगडीत पडू नका. अगदी बारीक आचेवर कपड्यानं दाबत दोन्ही बाजूंनी कुरकुरीत करा, वर चिमूटभर जिराळू मसाला भुरभुरा आणि चहाबरोबर द्या.